कॅमेरा आपोआप का उघडतो? ३०० मिलिसेकंदांचा हिशोब

‘फोन खिशात असताना कॅमेरा आपोआप सुरू होत असेल तर समजा, तुमचा फोन हॅक झाला आहे’ असा एक निरोप सध्या कुटुंबाच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली कुठलं तरी ‘सुरक्षा’ ॲप टाकून घ्यायचा सल्ला. ते ॲप टाकू नका. चोरून चित्रण करणारा माणूस कॅमेरा तुमच्या पडद्यावर कशाला उघडेल? बहुतेक वेळा यामागे पॉवर बटण असतं.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण झटपट दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. ‘झटपट’ म्हणजे किती? अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये, जो कुणालाही वाचता येतो, हा आकडा ३०० मिलिसेकंद आहे. बटण खाली गेल्याची वेळ फोन नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी ते खाली गेलं की दोन्ही वेळांची वजाबाकी करतो. उत्तर ३०० पेक्षा कमी आलं, की कॅमेरा. मधे बटण कधी सुटलं, किती जोरात दाबलं, फोन हातात होता की खिशात, यातलं काहीही या वजाबाकीत नाही.

आता गंमत बटणाच्या आत आहे. तिथे धातूची एक छोटी घुमटाकार चकती असते. दाबली की ती चपटी होऊन खालच्या संपर्काला टेकते. पण धातू धातूवर आदळला की एकदाच टेकून गप्प बसत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो: टेकला, सुटला, पुन्हा टेकला. विजेच्या दृष्टीने हे चार-पाच वेळा बटण दाबण्यासारखंच. म्हणून फोन पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ थांबतो आणि संकेत स्थिर झाला तरच तो मोजतो. अनेक फोनांत ही सवलत १५ मिलिसेकंदांच्या आसपास असते. बटण नवं असेपर्यंत तेवढी पुरते. चकती झिजली, फटीत धूळ-घाम साचला की थरथर लांबते आणि सवलतीच्या बाहेर जाते. मग तुम्ही एकदाच दाबता आणि फोन दोन मोजतो.

दोष बटणाचा की बोटाचा, हे तपासता येतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन संगणकाला जोडा आणि संगणकावर adb हे गूगलचं मोफत साधन टाकून त्याच्या कमांड विंडोत ही आज्ञा द्या:

```
adb shell getevent -lt
```

बटण दाबलं की `KEY_POWER DOWN` अशी ओळ वेळेसकट उमटते. समजा, एकदाच दाबून दोन ओळी आल्या, ८१२.४०६ आणि ८१२.४३१ सेकंदांच्या. फरक २५ मिलिसेकंद. माणसाचं बोट कितीही चपळ असलं तरी सेकंदाला दहाएक वेळांच्या वर दाबू शकत नाही, म्हणजे दोन दाबांत १०० मिलिसेकंद तरी जाणारच. तेव्हा हे बटणाचं दुखणं. तोच फरक २१५ आला, तर बटण खरोखरच दोनदा दाबलं गेलंय. बरेचदा घट्ट कव्हर कारणीभूत असतं. ते बटण अर्धवट दाबूनच ठेवतं, मग मूठ जरा आवळली तरी पुरे. कव्हर काढून दिवसभर वापरून बघा.

शॉर्टकटच बंद करायचा तर पिक्सेलवर Settings > System > Gestures मध्ये जा. सॅमसंगवर Settings > Advanced features मध्ये साइड बटणाचा पर्याय आहे, तिथला Double press बंद करा. इतर कंपन्यांत मेनूची नावं निराळी, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत camera किंवा power button टाकलं की सापडतं.

हे केल्यावर आणीबाणीची सोय जाईल का? नाही, तिचं सेटिंग वेगळं असतं. भारतात २०१७ पासून फोनमध्ये आणीबाणीच्या कॉलची सोय सक्तीची आहे, आणि ती देण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबणं. अँड्रॉइडची स्वतःची सोय पाच दाबांची. पाचाकडे जाताना वाटेत दोन लागतातच, म्हणून कॅमेऱ्याचा शॉर्टकट चालू असेल तर मदत मागताना आधी तो मधे डोकावतो.

बटण निर्दोष निघालं आणि तरी खिशात फोटो निघत असतील, तर लॉक स्क्रीनच्या कोपऱ्यातलं कॅमेऱ्याचं चिन्ह बघा. उचलताच पडदा उजळण्याची सोय चालू असेल, तर खिशाच्या पातळ कापडातून मांडीचा स्पर्शही पडद्याला बोटासारखा कळू शकतो. पिक्सेलवर लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये Shortcuts आहे, सॅमसंगवरही त्याच नावाखाली. कॅमेऱ्याच्या जागी None निवडा. आयफोनवर आयओएस १८ पासून लॉक स्क्रीन दाबून धरली की Customize येतं आणि ते चिन्ह काढता येतं.

आणि समजा, खिशात कॅमेरा उघडलाच, तरी लॉक असलेल्या फोनवर तो वेगळ्या, बंदिस्त रूपात चालतो: त्या वेळी काढलेले फोटो तेवढे दिसतात, जुन्या गॅलरीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागतोच.