व्हरांड्यात कोण भेटतं?

भाचीनं प्रबंध जमा केला होता, व्हायवाची तारीख अजून लागायची होती. विषय कायद्याचा, पण पुस्तकातल्या कायद्याचा नव्हे. बेळगाव जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत साध्या पक्षकाराला स्वतःच्या दिवाणी दाव्यात काय चाललंय ते कितपत कळतं, हा तिचा प्रश्न. कर्नाटकात खालच्या कोर्टांची भाषा कन्नड, वकिलांच्या बोलण्यात इंग्रजीची भर, आणि खानापूर-निपाणीकडचा पक्षकार बहुधा मराठी शाळेत शिकलेला. तिनं खानापूर, निपाणी आणि बैलहोंगल इथं प्रत्येकी वीस, अशा साठ मुलाखती घेतल्या होत्या. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा व्हायवाची रंगीत तालीम आमच्या टिळकवाडीतल्या घरी ठरली.

"मामा, तुम्ही बाहेरचे परीक्षक. विचारा."

ती 'साठच का, सहाशे का नाहीत?' या प्रश्नाची तयारी करून आली होती. सगळेच त्याची करतात. नमुना मोठा म्हणजे निष्कर्ष पक्का, ही समजूत शिकल्यासवरल्या माणसांतही घट्ट बसलेली आहे. 1936 साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं वीस लाखांहून अधिक लोकांची मतं टपालानं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं त्याहून कितीतरी लहान नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला होता. माणसं किती, याच्या आधी ती कुठून आणि कशी सापडली हे विचारायचं असतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "ही साठ माणसं तुला भेटली कुठं?"

"कोर्टाच्या व्हरांड्यात. पुकारा व्हायची वाट बघत बसलेली असतात ना. कुणाचा वशिला नाही, ओळख नाही. समोर दिसेल त्याला विचारलं. म्हणजे रँडमच की."

रँडम नव्हे. हा सापळा इतका सुंदर आहे की आता जरा लांबण लागेल.

समजा एका कोर्टात शंभर पक्षकार आहेत. आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून धरतोय. पन्नास जणांचा दावा तडजोडीनं मिटला, त्यांना चार तारखांना यावं लागलं. उरलेल्या पन्नासांचे वाटणीचे दावे, त्यांना प्रत्येकी चाळीस खेपा. आता व्हरांड्यातलं बाकडं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या गटानं त्या बाकड्यावर एकूण 200 वेळा बूड टेकलं, दुसऱ्यानं 2000 वेळा. तुम्ही कुठल्याही दिवशी जाऊन शेजारी बसलेल्याला गाठलंत, तर तो रखडलेल्या दाव्यातला असण्याची शक्यता अकरांत दहा. खरं प्रमाण निम्मंनिम्मं आहे. तरी साठ मुलाखतींत पंचावन्न जण दमलेले, वैतागलेले, 'कोर्टाची पायरी चढू नये' सांगणारे भेटतात आणि मिटवून घरी गेलेले जेमतेम पाच.

याला कालावधीचा पूर्वग्रह म्हणता येईल. जी गोष्ट जास्त वेळ टिकते, ती अचानक डोकावणाऱ्याला जास्त वेळा दिसते. बसस्टँडवरही हेच होतं. बस सरासरी अर्ध्या तासानं असली तरी आपण बहुतेकदा मोठ्या खंडातच जाऊन उभे राहतो, कारण मोठा खंडच जास्त वेळ व्यापून असतो. नशीब वगैरे काही नाही. याचं सूत्रही आहे: व्हरांड्यात दिसणारी सरासरी = खरी सरासरी + (विचरण ÷ खरी सरासरी). विचरण म्हणजे आकडे सरासरीपासून जेवढे दूर पांगलेत, त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. आपल्या उदाहरणात खरी सरासरी 22 खेपा. प्रत्येक जण तिच्यापासून 18 नं दूर, म्हणून विचरण 324. त्याला 22 नं भागलं की जवळपास 14.7, बेरीज 36.7. म्हणजे प्रत्यक्षात बावीस असलेली सरासरी व्हरांड्यात बसल्यावर सदतीसच्या घरात दिसते, आणि यात कुणी एक शब्द खोटं बोललेलं नसतं. सगळ्यांच्या खेपा सारख्या असत्या तर विचरण शून्य आणि फसगतही शून्य. पांगापांग जितकी जास्त तितकी फसगत मोठी, आणि दिवाणी कोर्टाइतकी पांगापांग दुसरीकडे क्वचितच सापडेल. (भाचीनं इथं चहा ठेवायला उठण्याचं निमित्त काढलं. वाचकांनाही मुभा आहे.)

उपाय सोपा दिसतो. प्रत्येकाला त्याचा दावा संपल्यावर विचारायचं, 'तुम्ही स्वतः एकूण किती वेळा आलात?' कारण दिवाणीत पुष्कळ तारखांना वकीलच हजर राहतो, दाव्याच्या तारखा मोजून चालत नाही. मग प्रत्येक उत्तराला 'एक भागिले खेपा' एवढं वजन द्यायचं. पंचावन्न जणांचं वजन 55/40, म्हणजे सुमारे 1.4. पाच जणांचं 5/4, म्हणजे 1.25. पारडी पुन्हा जवळपास समान झाली. पण आता निम्मा निष्कर्ष पाच माणसांच्या खांद्यावर उभा आहे, हेही परीक्षकाला सांगावं लागतं. त्यातला एक जरी विक्षिप्त निघाला तरी चित्र हलतं.

आणि जो कधी आलाच नाही त्याचं काय? समन्स मिळालं नाही, किंवा कागदावरचं कन्नड वाचता न आल्यामुळे खुंटीला टांगून ठेवलं, आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याच्या खेपा शून्य, वजन एक भागिले शून्य. गणित इथं हात टेकतं. भाषेमुळे सगळ्यात जास्त कुणाचं नुकसान झालं असेल तर बहुधा याचंच, आणि नेमका तोच व्हरांड्यात नाही. त्याला शोधायचं तर बाकड्यावरून उठून यादीकडे जावं लागतं. ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकाल लागलेले आणि प्रलंबित असे दोन्ही दावे कोर्टवार आणि वर्षवार दिसतात. त्यातून एखाद्या वर्षी दाखल झालेल्या दाव्यांची यादी करून दर दहावा दावा उचलला, तर चार खेपांचा आणि चाळीस खेपांचा पक्षकार एकाच तोलानं हाती येतो, आणि न आलेलाही सुटत नाही.

कोर्टाचा निकाल सांगणाऱ्या ज्योतिषांची ख्याती याच चुकीवर उभी असते, हे जाता जाता सांगून टाकतो. ज्याचा दावा लागला तो कुंद्याचा डबा घेऊन परत जातो. हरलेला त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकत नाही. मग बाहेर बसलेल्या नव्या गिऱ्हाइकाला डबेवालेच दिसतात.

चहा आल्यावर मी तिची प्रश्नावली मागितली. तिसरा प्रश्न होता: 'कोर्टात तुमचं म्हणणं मराठीत मांडू दिलं का? त्यामुळे त्रास झाला का?' सीमाभागात हा प्रश्न विचारला की माणूस स्वतःच्या दाव्याबद्दल बोलतच नाही. 1956 पासूनचं सगळं गाऱ्हाणं एका दमात बाहेर येतं. ते खरं असेल, पण आपण ते मोजायला निघालेलो नसतो. शिवाय प्रश्नात 'त्रास' हा शब्द घालून आपणच उत्तर हातात दिलेलं असतं.

दुसरी खोट कायद्याच्या अंगानं होती, आणि ती तिनंच ओळखली. दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 च्या दुरुस्तीनंतर सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूनं घेतलेली जबानी, तोंडी होत नाही, तो प्रतिज्ञापत्रावर येतो. ते वकिलाच्या ऑफिसात टाइप होतं, पक्षकार सही करतो. तोंड उघडायची वेळ येते ती उलटतपासात. म्हणजे 'मराठीत मांडू दिलं का' याला बहुतेकांचं खरं उत्तर 'मांडलंच नाही, सही केली' असं हवं. त्याऐवजी ते 'होय' किंवा 'नाही' देतात, कारण आपण तेवढंच विचारलं. उलटतपासाबद्दल मात्र नियम स्पष्ट आहे. आदेश 18 नियम 6 सांगतो की जबानी एका भाषेत दिली आणि दुसऱ्या भाषेत लिहून घेतली, आणि साक्षीदाराला ती दुसरी भाषा समजत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं.

मग मुलाखतीचा प्रश्न आपोआप सापडतो. 'समजलं का' असं विचारायचंच नाही, कारण 'समजलं नाही' म्हणायला माणूस लाजतो. मागच्या वेळी काय झालं ते क्रमानं विचारायचं. प्रतिज्ञापत्र कुणी लिहिलं? सही करण्याआधी ते कुणी वाचून दाखवलं, वकिलानं की त्यांच्या कारकुनानं? कुठल्या भाषेत? उलटतपासानंतर लिहिलेलं कुणी वाचून दाखवलं का, आणि सहीच्या आधी की नंतर? शेवटी: 'त्या कागदात तुमच्या बांधाबद्दल काय लिहिलंय, सांगा बघू.' हे शेवटचं उत्तर दाव्याच्या कागदाशी ताडून पाहता येतं. निम्म्या मुलाखतींत तिनं हे प्रश्न बोलण्याच्या ओघात विचारले होते, टिपणांत ते सापडले. कुठल्या निम्म्यात, हे मात्र तिला व्हायवात सांगावं लागणार होतं.

आता राहिला शेवटच्या प्रकरणातला पहिला शब्द: 'सीमाभागातील न्यायालयांत...'. कोर्टं तीन. एकाच कोर्टातली वीस माणसं त्याच न्यायाधीशांपुढे, त्याच शिरस्तेदारांपुढे आणि त्याच आठ-दहा वकिलांच्या हाताखालून जातात. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येणारच. ती अगदी तंतोतंत सारखी असती तर साठ मुलाखती म्हणजे तीनच झाल्या असत्या. शून्य म्हणजे साम्य नाही आणि एक म्हणजे तंतोतंत, अशा मापावर हे साम्य 0.2 एवढंच धरलं, तरी एका कोर्टातल्या माणसाला उरलेल्या 19 जणांशी जोडून भागायचा आकडा 1 + 19 × 0.2 = 4.8, आणि साठाचे साडेबारा उरतात. तेव्हा टक्केवारी काढून ती जिल्ह्यावर चिकटवणं बंद.

मग हातात काय राहतं? बैलहोंगल. तो तालुका कन्नड बोलणारा, आणि तिथल्या वीसच्या वीस मुलाखती कन्नड पक्षकारांच्या. गाइडनी हट्टानं घ्यायला लावल्या म्हणून भाची कुरकुरत होती. पण हाच तिचा हुकमी पत्ता होता. कन्नड पक्षकारही 'न वाचताच सही केली' म्हणत असतील, तर दोष भाषेचा कमी आणि वकिली कागदाचा जास्त. ते वाचून सही करत असतील आणि खानापूरचे करत नसतील, तर भाषेवर बोट ठेवता येतं. तीन कोर्टांवरून 'किती' सांगता येत नाही, पण 'कसं घडतं' याची साखळी मांडता येते, आणि ती कुठं तुटेल हेही सांगून ठेवता येतं. मी तिला म्हटलं, "उलटी बाजूही सांग. महाराष्ट्रातल्या जत तालुक्यात कन्नड बोलणारा माणूस मराठी कोर्टात उभा राहतो. तुझी साखळी खरी असेल तर तिथं तो तुझ्या खानापूरकरासारखाच वागला पाहिजे. न वागला तर तू चुकलीस."

"हे असंच सांगू? चुकीन म्हणून?"

"असंच."

छापलेला प्रबंध बदलता येत नव्हता, पण व्हायवाला वेळ होता. एकतर्फी निकालांची यादी काढून ती खानापूर भागात फिरली. व्हायवात परीक्षकांनी 'साठच का' विचारलंच. नंतर चष्मा काढून म्हणाले, "जे कोर्टात आलेच नाहीत, त्यांच्यातल्या किती जणांना भेटलात?"

"प्रबंधात एकही नाही, सर. नंतर अकरा पत्त्यांवर गेले. चौघं भेटले. तीन घरांना कुलूप होतं, दोघं कामाला गोव्यात आहेत, एक वारले. आणि एका आजींनी समन्स आणून दाखवलं. ते अजून पाकिटातच होतं."