‘तारीख पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

(आमच्या कार्यालयाकडून पक्षकारांसाठी. एका पक्षकार काकूंना सुनावणीनंतर लिहिलेलं हे पत्र आहे. त्यांच्या संमतीने, नाव-गाव गाळून छापलं आहे.)

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

काल कोर्टातून निघताना तुम्ही विचारलंत, “वकीलसाहेब, केस गेली का?” गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. केस गेलेली नाही. दावा तहकूब झाला, म्हणजे कालचं काम पुढच्या तारखेवर ढकललं गेलं. ‘खारीज’ म्हणजे दावा फेटाळला जाणं, हा शब्द वेगळा आहे, तो काल कुणीही उच्चारलेला नाही.

काल तुमचा उलटतपास होता. तुमच्या सरतपासाचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र आधीच दाखल आहे. त्यावर समोरचे वकील तुम्हाला प्रश्न विचारणार होते. पुकारा झाला, तुम्ही पिंजऱ्यापर्यंत गेलात आणि त्यांच्या ज्युनिअरने मुदतीचा अर्ज पुढे केला: सीनिअर आजारी, सोबत डॉक्टरांचा दाखला. न्यायाधीश साहेबांनी आपलं म्हणणं मागितलं. मी हरकत लिहून दिली, कारण तुम्ही सत्तर किलोमीटरवरून आला होता आणि दुसरा वकील उभा करता आला असता. अर्ज तरीही मंजूर झाला, पण त्यांच्यावर पाचशे रुपये खर्च बसवून. साहेब तेवढ्यात त्यांच्या बाजूला झुकले असं तुम्हाला वाटलं. मला तसं दिसत नाही. झुकले असते तर खर्च बसवला नसता.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ हा तहकुबीचा. पुरेसं कारण असेल तरच मुदत द्यायची, आणि दावा सुनावणीला लागल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा नाही. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, हे कारण चालत नाही. आजारपण चालतं, पण वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. आता खरं सांगायचं तर तीनची मर्यादा दगडावरची रेघ नाही. पक्षकाराच्या हाताबाहेरचं काही घडलं तर त्यापुढेही मुदत देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. साहेब रजेवर असल्यामुळे पडलेली तारीखही कुणाच्या खात्यात जात नाही. म्हणून नुसत्या तारखा मोजू नका, कुणामुळे पडली ते बघा. ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या-त्या तारखेच्या नोंदीत, लिहिलेलं असतं. कालच्या रोजनाम्याची नक्कल मी मागवली आहे. समोरच्यांची ही दुसरी वेळ आहे. तिसऱ्यांदा मागितली, तर आधीचे दोन्ही रोजनामे मी साहेबांपुढे ठेवीन.

तुमची खरी काळजी बांधाची आहे, हे मला माहीत आहे. मधल्या काळात ते बांध कोरतील का? त्यांना रोखण्यासाठी आपण केलेल्या निशाणी ५ च्या अर्जावर मनाई हुकूम झाला आहे आणि तो ‘दाव्याचा निकाल लागेपर्यंत’ असा आहे. त्यामुळे तहकुबीने त्याला काही होत नाही. तो ‘पुढील तारखेपर्यंत’ असा असता, तर काल न विसरता मुदत वाढवून घ्यावी लागली असती. पुष्कळ पक्षकार इथेच फसतात: सगळं लक्ष तारखेकडे, आणि हुकूम गुपचूप संपलेला. तुमच्याकडच्या प्रतीची शेवटची ओळ एकदा स्वतः वाचा. जेसीबी दिसला, तर भांडू नका. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा आणि लगेच फोन करा.

पुढची तारीख सोळा तारखेची आहे. “सारख्या तारखाच पडतात, मग जायचं कशाला?” असं भाऊ म्हणाले. पण त्या दिवशी आपण गैरहजर आणि ते हजर असले, तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो. तो परत फायलीवर घ्यायला तीस दिवसांत अर्ज आणि सबळ कारण लागतं. सोळाला मोजणीचा नकाशा, सातबारा आणि चष्मा आणा. हो, चष्मा. काल तो घरी राहिला होता, आणि उलटतपासात कागद वाचायला देतात.

आदल्या संध्याकाळी ईकोर्ट्सच्या ॲपवर आपला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून नातवाला तारीख बघायला सांगा. क्रमांक वकीलपत्राच्या प्रतीवर मी पेनने लिहिला आहे. साहेब रजेवर असल्याचं आधी समजलं, तर एसटीचा खर्च वाचवायला मीच कळवीन.

कळावे,
आपला वकील