निकोटिन वेगळं, धूर वेगळा: सिगारेट सुटली की औषध अंगावर का येतं

मी पुण्यात मानसोपचाराच्या पेशंटांची औषधं बघते. फार्मासिस्ट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या केसपेपरवर मला एक वाक्य भेटतं: ‘निकोटिन पॅच चालू आहे, त्यामुळे क्लोझापिनचा डोस तोच ठेवला.’ लिहिणारा माणूस काळजीपूर्वकच लिहितो. सिगारेटचा आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचा संबंध असतो हे त्याला माहीत असतं. फक्त तो संबंध सिगारेटमधल्या कशाशी आहे, तिथे गल्लत होते, आणि ती गल्लत पेशंटला महागात पडते.

निकोटिन काय करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. तलफ लावतं, मेंदूला सवय लावतं, सुटलं की चिडचिड होते. सिगारेटमध्ये असतं, तंबाखू-चुन्यात असतं, निकोटिनच्या च्युइंगममध्ये आणि सिगारेट सोडताना कातडीवर चिकटवायच्या पॅचमध्येही असतं. पण यकृतात क्लोझापिन लवकर मोडून टाकण्याच्या कामात त्याचा हात नाही.

तो हात धुराचा आहे. तंबाखूचं पान जळताना पूर्ण जळत नाही आणि त्या अर्धवट जळण्यातून पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगं तयार होतात. ही काजळीच्या, डांबराच्या कुळातली. फुप्फुसातून ती रक्तात आणि रक्तातून यकृताच्या पेशीत जातात. तिथे एएच रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. ही संयुगं त्याला चिकटली की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि सीवायपी-वन-ए-टू या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचा जनुक जास्त जोरात चालू करतं. इथे एक बारकावा आहे. एन्झाइमचा एकेक रेणू काही जास्त वेगाने काम करत नाही, त्यांची संख्या वाढते. मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर उष्टी काढायला दोघींच्या जागी चौघी लागल्या, तर प्रत्येकीचा हात तेवढाच चालतो, पण हॉल लवकर रिकामा होतो. तसंच.

क्लोझापिन मुख्यतः याच एन्झाइमच्या वाटेने शरीराबाहेर पडतं. म्हणून रोज सिगारेट ओढणाऱ्याला त्याच परिणामासाठी जास्त गोळी लागते. डॉक्टर हळूहळू डोस वाढवत नेतात, पेशंट स्थिरावतो आणि तो डोस ‘त्याचा डोस’ होऊन बसतो. तो खरं तर त्याचा आणि त्याच्या सिगारेटचा मिळून ठरलेला डोस असतो, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

बिडी की सिगारेट, फिल्टर की बिनफिल्टर, ‘लाइट’ की साधी, याने फार फरक पडत नाही. जळतंय ना, मग झालं. ‘मी आता कमीच ओढतो’ म्हणणाऱ्यांसाठी मात्र सांगायला हवं: दिवसाला सात ते बारा सिगारेटींमध्येच हा परिणाम जवळजवळ पूर्ण होतो असं दिसतं. वीसवरून बारावर आलेल्याच्या गोळीत फारसा बदल होत नाही. बारावरून शून्यावर आलेल्याच्या होतो.

आता एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. चाळिशीतला माणूस, स्किझोफ्रेनिया, धायरीला आईबरोबर राहणारा. क्लोझापिन दिवसाला ४०० मिलिग्रॅम: सकाळी १००, रात्री ३००. रोजच्या वीस सिगारेटी. आधीच्या वर्षी रक्तातली पातळी तपासली होती, ती ४३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. उत्तम पातळी. साधारण ३५० च्या वर औषध लागू पडायची शक्यता वाढते, ६०० च्या वर त्रास वाढू लागतो आणि १००० च्या पुढे फिट येण्याची भीती खरोखरची असते.

सिंहगड रस्त्यावर दुचाकी घसरली, पायाचं हाड मोडलं आणि तो एका रुग्णालयात भरती झाला. तिथे धूम्रपान बंद. कुणीतरी आपुलकीने २१ मिलिग्रॅमचा पॅच लावला. पॅच लावलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. चुकलं ते पुढचं. सिगारेटऐवजी पॅच आहे, म्हणजे क्लोझापिनच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, असं धरून ४०० चालू ठेवलं.

पहिले दोन-तीन दिवस तो चिडचिडा होता. पॅच असूनही थोडं होतंच. चौथ्या दिवशी शांत झाला, सगळ्यांना बरं वाटलं. पाचव्या दिवशी आईने नर्सला सांगितलं, “उशी पार ओली होतेय हो, आणि बोलणं जड झालंय त्याचं.” दुखण्याच्या गोळ्यांमुळे झोप येत असेल, असं उत्तर मिळालं. सातव्या दिवशी चहाचा कप हातात असताना हाताला झटका बसला आणि चहा पांघरुणावर सांडला. असा झटका दिवसातून तीन-चारदा. पोट चार दिवस साफ नव्हतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना फोन गेला आणि फाइल माझ्यासमोर आली.

हे वेळापत्रक योगायोगाचं नाही. धूर बंद झाला की जास्तीचं एन्झाइम एका रात्रीत जात नाही. जुने रेणू झिजत जातात आणि त्यांच्या जागी नवे तेवढे बनत नाहीत. हे जास्तीचं काम साधारण ३९ तासांत निम्मं होतं. म्हणजे दीड दिवसाने अर्धं, तीन दिवसांनी पाव आणि चार दिवसांनी पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतं. क्लोझापिनला नव्या पातळीवर पोचायला त्यापुढे आणखी दोन-तीन दिवस. म्हणून पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही आणि आठवडा संपता संपता सगळं दिसतं.

इथेच दुसरी गल्लत होते, आणि ती मला पहिलीपेक्षाही जास्त डाचते. ‘सिगारेट सुटल्याचा त्रास’ आणि ‘औषध जास्त झाल्याचा त्रास’ एकाच आठवड्यात येतात, म्हणून दोन्ही एकाच नावावर खपवले जातात. खरं तर ते एकमेकांच्या उलट दिसतात. निकोटिन सुटल्यावर माणूस अस्वस्थ होतो, झोप उडते, भूक वाढते. हे दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. क्लोझापिन वाढल्यावर माणूस झोपाळतो, लाळ गळते, जीभ जड होते, उठताना चक्कर येते, बद्धकोष्ठता होते, झटके येतात. हे चौथ्या दिवसानंतर वाढत जातं. त्रास दिवसागणिक उतरतोय की चढतोय, हा प्रश्न घरचे लोकही विचारू शकतात. त्या आईने अचूक टिपलं होतं.

त्यातली बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नका. क्लोझापिनने आतडी मंदावतात आणि क्वचित त्यांची हालचाल पूर्ण थांबते. त्यात माणसं दगावलेली आहेत.

“पण त्याचं रक्त तर नियमित तपासतात ना?” हे मला हमखास विचारलं जातं. ती तपासणी पांढऱ्या पेशींची. क्लोझापिनमुळे त्या धोकादायकरीत्या कमी होत नाहीत ना, हे त्यात बघतात. औषध रक्तात किती आहे हे तिच्यात दिसत नाही. त्यासाठी पातळीची वेगळी तपासणी सांगावी लागते, आणि रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. गोळी घेऊन दिलेल्या रक्तावर निर्णय घेता येत नाही.

त्याची पातळी आली ७८०. गोळी तीच, वेळ तीच, पातळी जवळजवळ पावणेदोन पट. पण रिपोर्टची वाट बघत कुणी बसलं नव्हतं. लक्षणं पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी ३०० केलं आणि काही दिवसांनी २५०. पुढच्या तपासणीत ४८०. झटके थांबले, उशी कोरडी राहू लागली. ठरवून सिगारेट सोडणाऱ्यासाठी हेच आधी करता येतं: सोडायच्या आधी एकदा पातळी बघायची, पहिल्या आठवड्यात डोस टप्प्याटप्प्याने साधारण पाव हिश्शाने उतरवायचा, मग पुन्हा पातळी. किती उतरवायचं हे माणसागणिक बदलतं, म्हणून आकडा तज्ज्ञांनीच ठरवायचा.

स्वतःहून गोळ्या टाळण्याचा मार्ग मात्र कुणी धरू नये. झोप फार येतेय म्हणून दोन दिवस गोळी घेतलीच नाही, असं करणारे मी पाहिलेत. क्लोझापिनमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुना डोस सरळ सुरू करता येत नाही; १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो.

चहाबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे तो कुणी मोजतच नाही. कॅफिनही याच एन्झाइमच्या वाटेने जातं. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात साधारण दुप्पट साठतं, आणि वर क्लोझापिनच्या वाटेत गर्दी करतं. सिगारेट सोडणाऱ्याने चहा-कॉफी निम्मी करावी, असं मी आग्रहाने सांगते.

सगळ्याच औषधांचं असं होत नाही. मानसोपचारातल्याच ओलान्झापिनचं होतं, पण त्यात पातळी थोडी वाढली तरी सहसा निभावतं. दम्याच्या थिओफिलिनचं होतं आणि तिथे धोका क्लोझापिनसारखाच, कारण पुरेशा आणि घातक पातळीत अंतर कमी. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, क्वेटिआपिन यांच्या वाटा वेगळ्या. त्यांना धुराने विशेष फरक पडत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. भरतीत २५० वर बसवलेला माणूस घरी जातो, कोपऱ्यावरच्या टपरीवर पहिल्या दिवशी दोन, आठवड्यात पंधरा. एन्झाइम पुन्हा वाढतं, पातळी उतरते आणि काही आठवड्यांत आवाज परत ऐकू येऊ लागतात. मग घरचे म्हणतात, गोळ्या घेत नसणार. तो घेत असतो. म्हणून केसपेपरवर ‘तंबाखू: होय / नाही’ हा रकाना मला पटत नाही. तंबाखू-चुना मळणारा आणि सिगारेट ओढणारा दोघेही त्यात ‘होय’. आम्ही तिथे आता ‘रोज किती पेटवता?’ असं विचारतो आणि शेवटची सिगारेट कधी ओढली त्याची तारीख लिहितो.

धायरीचा तो माणूस सिगारेटकडे परत गेला नाही. पॅच नेहमीच्या क्रमाने उतरवला: २१, मग १४, मग ७, मग काहीच नाही. शेवटचा पॅच निघाल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही पातळी पुन्हा बघितली. गोळी २५०, पातळी ४७०. निकोटिन पूर्ण गेलं होतं आणि क्लोझापिन जागचं हललं नव्हतं.