सरकारी कार्यालयावर सायबर हल्ला झाला तर: सहा तासांत कुणाला, काय आणि कसं कळवायचं

एक प्रसंग धरून चालू. तो मी रचलेला आहे, पण कार्यालयात काम केलेल्यांना ओळखीचा वाटेल. सोमवारी सकाळी 10 वाजून 10 मिनिटांनी एका नगरपरिषदेच्या कर विभागातला लिपिक संगणक सुरू करतो. मालमत्ता कराच्या फायली उघडत नाहीत. प्रत्येक फायलीच्या नावाच्या शेवटी कधी न पाहिलेली अक्षरं चिकटलेली, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत एक चिठ्ठी: फायली कुलूपबंद केल्या आहेत, हव्या असतील तर पैसे द्या. लिपिक संगणकाचं कंत्राट असलेल्या माणसाला फोन लावतो. तो म्हणतो, ‘दुपारी येतो, तोवर बंद करून ठेवा.’ तो साडेतीनला येतो, मशीन फॉरमॅट करतो, विंडोज नव्याने टाकतो आणि जातो. मग कार्यालय अधीक्षक टिपणी तयार करतात, मुख्याधिकारी साहेब दौऱ्यावर असतात, टिपणीवर सही बुधवारी होते.

यात दोन गोष्टी हातातून गेल्या: कळवण्याची मुदत आणि पुरावा.

घड्याळ कधी सुरू होतं

देशातल्या सायबर घटनांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा म्हणजे सर्ट-इन. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70ब खाली तिने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. त्यानुसार घटना लक्षात आल्यापासून, किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांच्या आत कळवावं लागतं. कंपन्या आणि डेटा सेंटरबरोबर सरकारी संस्थांचंही नाव त्यात स्पष्ट आहे. सहा कामकाजाचे तास असं कुठेही म्हटलेलं नाही, त्यामुळे शनिवारी रात्री कळलं तरी रविवार मोजला जातो.

आपल्या प्रसंगात घड्याळ 10:10 ला सुरू झालं, कंत्राटदार आला तेव्हा नव्हे. मुदत 4:10 ला संपली. ‘आमचं सगळं एजन्सी बघते’ हे उत्तरही चालत नाही. कळवण्याची जबाबदारी करार करून दुसऱ्यावर ढकलता येत नाही, हे सर्ट-इनने आपल्या प्रश्नोत्तरांत सांगितलेलं आहे.

हॅक झालेली वेबसाइट, फायली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर, सर्व्हरमध्ये घुसखोरी, माहितीची गळती, कार्यालयाच्या नावाने बनवलेलं खोटं संकेतस्थळ, हे सगळं कळवण्याच्या यादीत येतं. विजेने जळालेला सर्व्हर किंवा लिपिकाकडून चुकून पुसलेली फाइल यांचा हल्ल्याशी संबंध नसेल तर त्या कळवण्याची गरज नाही.

पहिला तास

संगणकाची नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधी सोडवा, नाहीतर तीही कुलूपबंद होईल. मशीन मात्र शक्यतो बंद करू नका. मेमरीत चालू असलेल्या हल्ल्याच्या खुणा वीज गेली की पुसल्या जातात. आणि फॉरमॅट तर अजिबात नको. माझ्या मते सरकारी कार्यालयांत सर्वांत जास्त नुकसान हल्लेखोर करत नाही, ‘साफ करून देतो’ म्हणणारा करतो.

चिठ्ठीचा आणि बदललेल्या फायलींच्या नावांचा मोबाइलने फोटो घ्या. एका कागदावर वेळा लिहा: कुणी, किती वाजता, काय पाहिलं. संगणकाचं घड्याळ आणि खरी वेळ यांत फरक असेल तर तोही लिहा. बारा मिनिटांनी मागे असलेलं एक घड्याळ पुढे लॉग, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी, जुळवताना तपासणाऱ्याला दिवसभर गोंधळात टाकतं.

अर्ज

सर्ट-इनच्या www.cert-in.org.in या संकेतस्थळावर घटना कळवण्याचा इंग्रजी फॉर्म आहे. तो भरून incident@cert-in.org.in वर पाठवायचा. फोनही करता येतो: 1800-11-4949. शुल्क नाही. मेल दुसऱ्या, न बिघडलेल्या संगणकावरून पाठवा. कार्यालयाचा मेलच हल्लेखोराच्या हातात गेला असण्याची शक्यता असते.

फॉर्ममध्ये कळवणाऱ्याचं नाव आणि फोन, कार्यालयाचं नाव, बाधित यंत्रणेचा आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टीम, ती कुठे ठेवलेली आहे, इंटरनेट कुणाचं, घटना कधी घडली, कधी लक्षात आली आणि थोडक्यात वर्णन एवढं विचारतात. वर्णनाच्या रकान्यात ‘तांत्रिक अडचण आली आहे’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘कर विभागातील एका संगणकावर सकाळी 10:10 वाजता फायली उघडत नसल्याचे दिसले. खंडणीची चिठ्ठी आहे. 10:25 ला नेटवर्क तोडले. मालमत्ता कराचा सर्व्हर त्याच नेटवर्कवर आहे, तो बाधित आहे का हे तपासत आहोत. मशीन फॉरमॅट केलेले नाही.’

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. सहा तासांत हाताशी आहे तेवढीच माहिती द्यायची असते, उरलेली नंतर वाजवी वेळेत देता येते. त्यामुळे रकाने रिकामे आहेत म्हणून मेल अडवून ठेवू नका, टिपणीच्या सहीसाठी तर नकोच. हे कुणी पाठवायचं ते आधीच ठरलेलं असावं. निर्देशांनुसार सर्ट-इनशी बोलणाऱ्या संपर्क व्यक्तीचं नाव कळवून ठेवावंच लागतं. सोबत लॉग द्यायचे असतात. ते 180 दिवसांचे जपून ठेवणं बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी फायरवॉलमध्ये आठवडाभराचेच लॉग मावतात आणि हे हल्ला झाल्यावर कळतं.

पोच आली की तिच्यावरचा क्रमांक नस्तीत लावा आणि पुढच्या प्रत्येक मेलमध्ये लिहा. यंत्रणा एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेकडे असेल तर त्यांनाही कळवा.

पोलीस वेगळे, 1930 वेगळं

सर्ट-इन फायली सोडवून देत नाही आणि गुन्हाही नोंदवत नाही. गुन्ह्यासाठी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फायलीचा हॅश म्हणजे तिचा डिजिटल ठसा लिहितात. म्हणूनही मूळ मशीन हवं. 1930 हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. कार्यालयाच्या खात्यातून रक्कम गेली असेल तर तो आधी फिरवा, पण तिथे सांगितलं म्हणजे सर्ट-इनला सांगितलं असं होत नाही.

गळती नागरिकाला दिसली तर

लाभार्थ्यांची यादी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि तिच्यात नावापुढे पूर्ण आधार क्रमांक व बँक खातं दिसतंय, असं कुणालाही आढळू शकतं. आधार कायद्याच्या कलम 29 नुसार आधार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. नागरिकालाही वरच्याच मेलवर कळवता येतं, कसलीही पात्रता लागत नाही. पानाचा पत्ता, तारीख, वेळ आणि क्रमांक काळे केलेला एक स्क्रीनशॉट पुरतो. एक प्रत कार्यालयाला द्या. पूर्ण यादी डाउनलोड करू नका, पत्त्यातले आकडे बदलून आणखी काय उघडतं ते पाहू नका, आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर टाकूच नका. परवानगीशिवाय माहिती उतरवून घेणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये बसू शकतं, मग तक्रार करणाराच खुलासा देत बसतो.

कार्यालयाने यादी काढली तरी आठवडाभराने ती सर्च इंजिनवर शोधून पाहा. मूळ पान गेलेलं असतं, पण साठवलेला मजकूर कधी कधी तसाच दिसत राहतो. तो काढून घेण्याची विनंती कार्यालयाने वेगळी करावी लागते.