लाटा नाहीत, म्हणून सुरक्षित?

"पोरांना पोहता येत नाही. लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा बघून उतरवलं तर चालेल ना?"

नाही, बहुतेकदा तीच जागा सर्वांत धोक्याची असते. लाटा वाळूच्या उथळ बांधावर फुटतात आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या बांधातल्या खोल फटीतून समुद्रात परत जातं. फट खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही, पण ओढ जबरदस्त असते.

उतरण्याआधी उंचावरून दहा मिनिटं पाणी बघा. दोन्हीकडे पांढरा फेस, मधे गडद पट्टा आणि त्यावरून फेस किंवा गढूळ वाळू समुद्रात आत जाताना दिसली, तर तिथून लांब राहा. खडकांच्या कडेला आणि खाडीच्या मुखाशी, विशेषतः ओहोटीला, अशीच ओढ लागते. पावसाळ्यात वाळू सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची खात्रीची जागा यंदा तशीच असेल असं नाही.

गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नका. न पोहणाऱ्यांनी गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये.

ओढ लागलीच तर ती खाली नाही, समुद्रात आत नेते. किनाऱ्याकडे झगडू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा. काठावरच्यांनी मागे उडी न घेता जीवरक्षकाला हाक मारावी आणि रिकामा कॅन फेकावा.