ज्येष्ठांसाठीच्या डिजिटल फसवणूक जागृती सत्रातील स्लाइड-मजकूर

बँक आपल्या साठीपुढच्या खातेदारांसाठी जी जागृती सत्रे घेते, त्यांत पडद्यावर दाखवायचा मजकूर. मोबाइल किंवा संगणकावरून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांतली फसवणूक वेळेत ओळखता यावी, हा त्याचा उद्देश असतो. सत्र बहुधा शाखेत किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात होते. समोरच्यांपैकी अनेकांनी स्मार्टफोन निवृत्तीनंतर हातात घेतलेला असतो, तर काहींनी उभी हयात हिशेबाच्याच कामात घालवलेली असते. त्यामुळे मजकूर सोपा हवा, पण बाळबोध नको.

फिशिंग, विशिंग, स्मिशिंग, सिम स्वॅप असे प्रकार एकाखाली एक मांडून प्रत्येकाची व्याख्या देणे ही अशा स्लाइडची सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे आणि तीच सर्वांत कमी उपयोगाची आहे. फोन येतो तेव्हा तो ‘विशिंग’ म्हणून येत नाही. पेन्शन कार्यालयाचा, वीज कंपनीचा, पोलिसांचा किंवा बँकेचा म्हणून येतो. प्रकार पाठ असूनही माणूस फसतो तो इथेच. उलट, बहाणा कोणताही असला तरी पैसे जाण्याच्या आधी बहुतेक वेळा खातेदाराच्याच हातून एखादी कृती करून घेतलेली असते. त्याला पिन टाकायला लावतात, ओटीपी सांगायला लावतात, एखादे अ‍ॅप मोबाइलवर घ्यायला लावतात, नाहीतर स्वतःहून पैसे पाठवायला लावतात. बहाणे रोज नवे निघतात, या चार कृती मात्र फारशा बदलत नाहीत. म्हणून चांगला मजकूर बहाण्यांभोवती न फिरता या कृतींच्या क्षणावर बेतलेला असतो आणि त्यातही एकच प्रसंग सावकाश, पायरीपायरीने उलगडतो.

उदाहरण : हयातीच्या दाखल्याचा फोन

सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला दर वर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशी वर्षांपुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. याच सुमारास येणाऱ्या बनावट फोनबद्दल पेन्शन यंत्रणांनी आणि बँकांनी वेळोवेळी सावध केले आहे. ज्येष्ठांच्या सत्रासाठी याहून जवळचा विषय मिळणे कठीण.

पहिल्या स्लाइडवर फोनवरचे बोलणे जसेच्या तसे असावे. “नमस्कार साहेब, पेन्शन संचालनालयातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला अजून आलेला नाही. या महिन्याचे पेन्शन थांबेल.” पुढे तो माणूस नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक, कधीकधी दरमहा मिळणारी रक्कमसुद्धा बिनचूक सांगतो. इथे विश्वास बसतो, कारण ‘हे परक्याला कसे माहीत असणार?’ असे कोणालाही वाटेल. याचे उत्तर त्याच स्लाइडवर ठळक लिहायला हवे: आपली माहिती कोणाकडे आहे यावरून तो माणूस कार्यालयातला ठरत नाही. अशा याद्या बाहेर फुटतात आणि विकल्या जातात.

दुसऱ्या स्लाइडवर फक्त एक संदेश असतो, मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तसा. फोनवरचा माणूस म्हणतो, “दाखला नोंदवण्यासाठी एक नंबर आलाय, तेवढा वाचा.” संदेशात मात्र लिहिलेले असते की, हा ओटीपी मोबाइल बँकिंगच्या नोंदणीसाठी आहे, तो कोणालाही सांगू नका. ऐकणारा सहा आकडे वाचतो, पण आकड्यांच्या आजूबाजूची ओळ वाचत नाही. संदेश बहुधा इंग्रजीत असतो आणि बोलणारा घाई करत असतो, त्यामुळे ती ओळ नजरेतून सुटते. सत्र घेणाऱ्याने इथे थांबावे, ती ओळ मराठीत वाचून दाखवावी आणि मग विचारावे की, फोनवरचा माणूस काय म्हणाला आणि संदेश काय म्हणतो? ही तफावत एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की ओटीपीबद्दल वेगळा उपदेश लागत नाही.

तिसरी स्लाइड त्या आकड्यांचे पुढे काय होते ते सांगते. समोरच्याकडे खात्याचा तपशील आधीच असेल, तर ओटीपी मिळताच तो स्वतःच्या फोनवर तुमचे मोबाइल बँकिंग सुरू करू शकतो. ‘बचत खात्यात माझे असे आहेच किती?’ असे अनेक ज्येष्ठांना वाटते. पण ऑनलाइन बँकिंग हाती आले की पुष्कळ बँकांत मुदत ठेवही तिथूनच मोडता येते आणि ती रक्कम बचत खात्यात येऊन तशीच बाहेर जाते. आयुष्यभराची पुंजी ठेवीतच असते, त्यामुळे नुकसान महिन्याच्या पेन्शनपुरते राहत नाही. हे सत्रात क्वचितच सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. त्यालाच जोडून उपायही द्यावा: ऑनलाइन व्यवहारांची दैनंदिन मर्यादा आपल्या गरजेएवढी खाली आणता येते, आणि ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद ठेवता येते का, हे शाखेत विचारता येते.

‘मी ओटीपी सांगितलाच नाही’ असे म्हणणारेही भेटतात आणि ते खरे बोलत असतात. त्यांना दाखल्याचा फॉर्म भरण्यासाठी म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलेले असते. ते पडदा दुसऱ्याला दाखवणारे असेल, तर आलेला संदेश समोरचा थेट वाचतो. संदेशातून पाठवलेली फाइल उघडून घेतलेले अ‍ॅप असेल, तर ते संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ एवढेच वाक्य अपुरे पडते. फोनवर कोणी सांगतो म्हणून कोणतेही अ‍ॅप घ्यायचे नाही, हे त्याच्या जोडीला हवे.

चौथ्या स्लाइडवर खरी रीत येते. बँकेच्या शाखेत, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवर, अथवा घरी येणाऱ्या पोस्टमनमार्फत दाखला देता येतो. कोणतेही संचालनालय फोन करून तो परस्पर नोंदवून देत नाही. एक बारकावा गाळू नये. जीवन प्रमाणच्या खऱ्या प्रक्रियेतही ओटीपी येतो, पण तो आपण आपल्या हाताने अ‍ॅपमध्ये भरतो, फोनवर कोणाला वाचून दाखवत नाही. हा फरक सांगितला नाही तर ऐकणारा खऱ्या कामालाही घाबरतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्यावर विसंबून राहतो.

पिन आणि स्वतःहून पाठवलेले पैसे

यूपीआयसाठी एकच स्लाइड पुरते: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिनचा पडदा उघडला याचा अर्थ पैसे जाणार आहेत किंवा शिल्लक तपासली जाणार आहे. परतावा देतो, जुन्या वस्तूचे पैसे पाठवतो, असे म्हणत कोणी क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन केल्यावर पिन मागितला गेला, तर तिथेच थांबायचे.

तथाकथित ‘डिजिटल अटक’ मात्र वेगळी समजावून सांगावी लागते, कारण तिथे काहीच चोरले जात नाही. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसवून ठेवतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो आणि ‘चौकशीपुरते’ पैसे एका खात्यात भरायला लावतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले होते. यात खातेदार कधीकधी स्वतः शाखेत येऊन ठेव मोडतो, आणि कारण विचारले तर पढवून ठेवलेले उत्तर देतो. म्हणून स्लाइडवर सर्वांत मोठ्या अक्षरांत ओळखीची खूण हवी: ‘घरच्यांना सांगू नका, फोन ठेवू नका’ असे जो सांगतो, तो कोणत्याही खात्याचा अधिकारी नाही.

पैसे गेल्यावर

शेवटच्या भागात 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक असतो. तो अक्षरांत न लिहिता फोनच्या कीपॅडवर दिसणाऱ्या अंकांतच छापावा. cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. क्रम असा: बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करायचे आणि लगेच 1930 ला फोन लावायचा. घरात दोन माणसे असतील तर दोन्ही फोन एकाच वेळी. हाताशी बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक ठेवावा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो आणि तो अ‍ॅपच्या इतिहासात सापडतो. घाईचे कारणही सांगावे. चोरलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे सरकवली जाते. ज्या खात्यात ती अजून पडून आहे, तिथेच ती रोखता येते. मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर सांगू म्हणून थांबलेले तास बहुधा भरून येत नाहीत.

भरपाईबद्दल बँका स्लाइडवर गोल गोल लिहितात, हे योग्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा खातेदाराची नसून तिसरीकडची असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर तो ठरावीक मर्यादेपर्यंतच येतो. पण पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचेच राहते. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्यामुळे तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घेणे हे पैशाइतकेच मोलाचे आहे.

मजकुराचे आयुष्य

हा मजकूर लवकर शिळा होतो. ओळखीचा किंवा अनोळखी माणूस यूपीआयवर पैशांची ‘मागणी’ पाठवतो, ही जुन्या सत्रांतली हमखास स्लाइड होती. व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्याने ती आता गैरसमज पसरवते. उलट, बँकांची संकेतस्थळे .bank.in या पत्त्यावर आली आहेत आणि व्यवहारासंबंधीच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, या दोन गोष्टी नव्याने घालण्याजोग्या आहेत. तरी 1600 ला तावीज करू नये. क्रमांक कसाही असो, आलेल्या फोनवर पिन, ओटीपी द्यायचा नाही. शंका आली की फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करायचा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधायला मात्र सांगू नये, कारण शोधात वर दिसणारा ग्राहक सेवा क्रमांक अनेकदा ठगांनीच टाकलेला असतो.