प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय, मग अडतंय कुठे?

"ओव्हरलेत प्रोसेसर ४० टक्केच दिसतो, म्हणजे गेम त्याच्यामुळे अडकत नाही."

हा आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ६ टक्के भर घालतो. आणि बऱ्याच गेमचा वेग त्या एका मुख्य थ्रेडवरच ठरतो. विंडोज तो थ्रेड कोअर बदलत फिरवत असल्याने एकही कोअर १०० टक्के दिसेलच असं नाही.

म्हणून नजर ग्राफिक्स कार्डाच्या वापरावर ठेवा. आधी व्ही-सिंक आणि फ्रेम मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर टिकलं तर मर्यादा कार्डाची. ते ६०-७० वर रेंगाळत असेल तर संशय प्रोसेसरवर. खात्रीसाठी त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन १४४० वरून ७२० करा. फ्रेम ७० च्या ७०च राहिल्या, तर प्रोसेसरच अडवतोय.

अशा वेळी अपस्केलिंगने फारसं काही हाती लागत नाही. गर्दीची घनता आणि दृश्याचं अंतर कमी करा. रे ट्रेसिंगही बंद करून बघा, त्याचा भार प्रोसेसरवरही पडतो. कार्ड अडवत असेल तर मात्र रिझोल्यूशन आणि सावल्यांचा दर्जा कमी करा, अपस्केलिंग चालू करा.